‘पाचाचा नियम’ आणि अर्ध्याची दुरुस्ती : द्विपद वितरणाच्या प्रसामान्य सन्निकटनाची एक समीक्षा

संख्याशास्त्राच्या बहुतेक प्रवेशग्रंथांत एक नियम आढळतो आणि तो बहुधा कोणत्याही उपपत्तीशिवाय दिलेला असतो. द्विपद वितरणात प्रयत्नांची संख्या n व यशाची संभाव्यता p असेल आणि np व nq (येथे q = 1 − p) या दोन्ही राशी पाचांहून कमी नसतील, तर द्विपदाच्या जागी प्रसामान्य वितरण खुशाल वापरावे, फक्त सांतत्याची दुरुस्ती म्हणून अर्धा मिळवावा किंवा वजा करावा, असा त्याचा आशय असतो. काही ग्रंथकार अधिक सावध असतात व पाचाऐवजी दहा मागतात. परंतु आकडा कोणताही घेतला तरी नियमाचे स्वरूप बदलत नाही. कोणता प्रश्न विचारावयाचा आहे याची चौकशी न करता, केवळ n आणि p यांवरून तो परवाना देतो. नियमातील खरा दोष हाच आहे. भाषाभ्यासात तो विशेष जाणवतो, कारण तेथे मोजावयाची घटना, म्हणजे एखाद्या शब्दाचे येणे, ही जवळजवळ नेहमीच विरळ असते.

प्रथम दुरुस्तीचे कार्य नेमके काय आहे ते पाहणे इष्ट ठरेल. द्विपद वितरण पूर्णांकांवरच उभे असते. चौदा आणि पंधरा यांच्यामध्ये त्यात काहीच नसते. प्रसामान्य वक्र मात्र अखंड असतो. तेव्हा ‘पंधरा’ या एका आकड्यावर साचलेली संभाव्यता वक्राखाली साडेचौदापासून साडेपंधरापर्यंतच्या पट्टीवर पसरलेली आहे असे मानावे लागते. म्हणून सूत्र असे होते :

P(X ≤ k) ≈ Φ( (k + ½ − np) / √(npq) )

‘पंधरा किंवा अधिक’ यांची संभाव्यता हवी असेल, तर याच न्यायाने साडेचौदापासून पुढचे क्षेत्र घ्यावयाचे. याचा लाभ किती होतो ते एका साध्या उदाहरणावरून कळेल. नाणे वीस वेळा उडविले, तर पंधरा किंवा अधिक वेळा छापा पडण्याची तंतोतंत संभाव्यता ०.०२०७ आहे. दुरुस्तीवाचून प्रसामान्य वक्र ०.०१२७ सांगतो, म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के कमी. दुरुस्तीनंतर तो ०.०२२१ सांगतो. अवघ्या वीस प्रयत्नांवर मिळालेले हे उत्तर कोणालाही समाधान देईल.

दुरुस्तीची ही गरज मोठ्या संख्यांतही उरते, याचे एक उद्‌बोधक उदाहरण या सन्निकटनाच्या जन्मकाळीच सापडते. अब्राहम द म्वाव्र याने १७३३ साली आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. त्यात ३६०० प्रयत्नांचे उदाहरण घेऊन, p अर्धा असताना, यशांची संख्या १७७० आणि १८३० यांच्या दरम्यान असण्याची संभाव्यता त्याने ०.६८२६८८ अशी काढली. येथे प्रमाण विचलन बरोबर ३० आहे. आता दोन्ही टोके धरली तर खरी संभाव्यता सुमारे ०.६९०७ भरते आणि दोन्ही वगळली तर सुमारे ०.६७४६. म्हणजे सहा दशांश स्थळांपर्यंत काढलेला तो आकडा दोहोंपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हे. ३६०० प्रयत्नांनंतरही दुसऱ्याच दशांश स्थळापासून फरक दिसू लागतो, आणि तो केवळ टोकांवरच्या अर्ध्या-अर्ध्या पट्टीचा असतो. (अर्थात द म्वाव्रच्या कार्याला याने यत्किंचितही उणेपणा येत नाही.)

येथवर दुरुस्तीचा पक्ष निर्दोष आहे. परंतु ही दोन्ही उदाहरणे p = ½ या स्थितीतील आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. वितरण तेथे दोन्ही बाजूंस सारखे असते. ग्रंथकार दुरुस्तीचे माहात्म्य अशा सममित उदाहरणावर पटवून देतात आणि मग तिचा वापर असममित प्रकरणांत करण्याची मुभा देतात. या संक्रमणात काय हरवते ते पाहण्यासाठी भाषेतील एक ख्यातनाम प्रकरण घेऊ.

अमेरिकेच्या संविधानाच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने पंच्याऐंशी निबंध प्रसिद्ध झाले. ते ‘फेडरलिस्ट’ या नावाने ओळखले जातात. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे हे त्यांचे लेखक. परंतु त्यांतील बारा निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला. फ्रेडरिक मोस्टेलर व डेव्हिड वॉलेस यांनी १९६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विषयाशी संबंध नसलेल्या साध्या शब्दांच्या वारंवारितेवरून हे बारा निबंध मॅडिसनचे ठरविले. या शब्दांपैकी सर्वांत बोलका शब्द ‘अपॉन’ हा होता. हॅमिल्टनच्या लेखनात तो दर हजार शब्दांत सुमारे तीनदा येतो, मॅडिसनच्या लेखनात पाव वेळाही येत नाही.

आता असा प्रश्न विचारू. दोन हजार शब्दांचा एक निबंध आहे आणि त्यात ‘अपॉन’ एकदाही आलेला नाही. निबंध हॅमिल्टनचा असेल, तर असे घडण्याची संभाव्यता किती? p = ०.००३ व n = २००० धरले तर np = ६. म्हणजे पाचाच्या नियमाची अट पुरी होते आणि विद्यार्थी निश्चिंतपणे प्रसामान्य कोष्टक उघडतो. npq = ५.९८२, म्हणून प्रमाण विचलन २.४४६. दुरुस्तीसह z = (०.५ − ६) ÷ २.४४६ = −२.२४९, आणि कोष्टकातून संभाव्यता येते ०.०१२३.

तंतोतंत उत्तर काढण्यास येथे कोष्टकाचीही गरज नाही. शब्द एकदाही न येण्याची संभाव्यता म्हणजे ०.९९७ चा दोन हजारावा घात, आणि तो ०.००२४६ भरतो. सन्निकटनाने दिलेला आकडा खऱ्याच्या पाचपट आहे. चारशेतून एखादा निबंध असा निघेल असे सत्य सांगते, तर ऐंशीतून एक निघेल असे प्रसामान्य वक्र सांगतो. निबंधाचे कर्तृत्व हॅमिल्टनकडे जावे की न जावे, या निर्णयात हा फरक किरकोळ नव्हे.

त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. दुरुस्ती न करता हाच हिशेब केला तर z = −२.४५३ व संभाव्यता ०.००७१ येते. हाही आकडा चुकीचाच, पण तो खऱ्याच्या तिप्पटीहून थोडा कमी आहे. म्हणजे या प्रकरणी दुरुस्तीने उत्तर सुधारले नाही, बिघडविले. ‘दुरुस्ती केलेली केव्हाही बरी’ ही समजूत किती अपुरी आहे, याचा हा पुरावा होय.

आता विरुद्ध टोक पाहू. त्याच लांबीच्या हॅमिल्टनी निबंधात ‘अपॉन’ पंधरा किंवा अधिक वेळा येण्याची तंतोतंत संभाव्यता ०.००१३७ आहे. दुरुस्तीसह प्रसामान्य वक्र ०.०००२५५ सांगतो आणि दुरुस्तीवाचून ०.०००११७. येथे दुरुस्तीने मदत केली खरी, तरीही उत्तर खऱ्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमीच राहिले. एकाच वितरणात, त्याच n आणि p साठी, डाव्या टोकाला सन्निकटन पाचपट फुगते आणि उजव्या टोकाला पाचपटीहून अधिक आक्रसते. डावीकडे ते संशोधकाला अकारण भित्रा करते, उजवीकडे अकारण धीट. शब्दाचा विशेष आढळ शोधणारे अभ्यास बहुतांशी उजव्या टोकाचेच असतात, हे येथे नमूद केले पाहिजे.

या विचित्र वर्तनाचे कारण दोन वेगवेगळ्या दोषांच्या मिश्रणात आहे, आणि प्रवेशग्रंथ ते वेगळे करून दाखवीत नाहीत. पहिला दोष खंडिततेचा, आणि अर्ध्याची दुरुस्ती त्यावर पुरेसा उपाय आहे. दुसरा दोष विषमतेचा. p लहान असताना द्विपद वितरण उजवीकडे लांबत जाते आणि डावीकडे शून्यापाशी एकाएकी संपते. प्रसामान्य वक्राला याची गंधवार्ताही नसते. तो शून्याच्या डावीकडेही निर्धास्त पसरतो, जणू ‘अपॉन’ उणे दोन वेळा येणे शक्य आहे. दुरुस्तीचा परिणाम कोणत्याही टोकाच्या संभाव्यतेवर नेहमी एकाच दिशेने, म्हणजे ती वाढविण्याकडे, होतो. विषमतेचा परिणाम मात्र एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या उलट असा होतो. म्हणून उजवीकडे दोन्ही चुका एकाच दिशेच्या असतात, त्यांपैकी एक निघाल्याने उत्तर सुधारते आणि दुरुस्ती यशस्वी भासते. डावीकडे दुरुस्तीने खंडिततेची चूक काढून टाकली की विषमतेची चूक उघडी पडते.

हे निदान खरे आहे की नाही, हे तपासण्याचा मार्ग आहे. सन्निकटनाच्या विस्तारातील पुढचे पद विषमतेचे असते. दुरुस्तीसह काढलेल्या z साठी Φ(z) मध्ये

(q − p) / (6√(npq)) · (1 − z²) · φ(z)

एवढे मिळवावयाचे. φ(z) म्हणजे प्रसामान्य वक्राची z येथील उंची. p अर्धा असेल तर हे पद शून्य होते, आणि नाण्याच्या उदाहरणात सारे सुरळीत का झाले हे त्यावरून कळते. प्रस्तुत प्रकरणी पहिल्या अपूर्णांकाची किंमत ०.०६७७ आहे. मध्यभागी, ‘सहा किंवा कमी’ या प्रश्नासाठी, दुरुस्तीसह वक्र ०.५८१ देतो आणि खरे उत्तर ०.६०६ आहे. नवे पद मिळविताच उत्तर ०.६०६ येते, तीन स्थळांपर्यंत बरोबर. शून्याच्या प्रश्नासाठी ०.०१२३ चे ०.००३५ होतात, तर उजव्या टोकाला ०.०००२५५ चे ०.०००९७ होतात. दोन्ही ठिकाणी चूक पाचपटीवरून दीडपटीच्या आत आली. ती पूर्णपणे गेली नाही, पण दोषाचे मूळ कोठे आहे याविषयी आता शंका उरू नये.

या पदाच्या रचनेतच पाचाच्या नियमाचे उत्तर दडलेले आहे. त्यात z² आहे. म्हणजे चूक केवळ n व p यांवर अवलंबून नसून, मध्यापासून किती दूरचा प्रश्न विचारला आहे यावरही ती अवलंबून असते. मध्यभागी ०.५८१ व ०.६०६ यांतील फरक शेकडा चारांच्या आसपास आहे आणि तो कित्येक कामांत चालून जाईल. पाचाचा नियम या अर्थी खोटा नाही. वक्राचा मधला भाग डोळ्यांना जुळलेला दिसावा एवढीच हमी तो देऊ शकतो. बेरी आणि एसेन यांच्या प्रमेयांनी (१९४१ व १९४२) मिळणारी हमीही केवल फरकाचीच आहे, गुणोत्तराची नव्हे. ०.०१२३ आणि ०.००२५ यांतील फरक शतांशाहून कमी असतो, त्यामुळे अशा कसोटीवर तो निर्दोष ठरतो. परंतु सार्थकतेच्या चाचणीत संशोधक जो आकडा वाचतो तो टोकाचाच असतो आणि तेथे महत्त्व गुणोत्तराला असते.

मग किती np पुरेसे मानावे? वरील पदावरून अंदाज करता येतो. घटना विरळ असून टोकाच्या संभाव्यतेत दहा टक्क्यांहून अधिक चूक नको असेल, तर z = २ च्या परिसरात np सुमारे १४० लागते. z = ३ पाशी ते सुमारे १९०० वर जाते. पाच नव्हे, दहाही नव्हे! ‘अपॉन’च्या दराने पाहता पहिल्या अटीसाठी सुमारे सत्तेचाळीस हजार शब्द लागतील आणि दुसरीसाठी सहा लाखांहून अधिक. ‘फेडरलिस्ट’चे पंच्याऐंशी निबंध एकत्र केले तरी ते याच्या निम्म्यासही पोचत नाहीत. हे आकडे पहिल्या पदावरून काढलेले असल्यामुळे त्यांना नव्या नियमाचा दर्जा देणे योग्य होणार नाही. परंतु अपेक्षांचे प्रमाण किती वेगळे आहे हे त्यांवरून स्पष्ट व्हावे.

सममित स्थितीतही टोकाशी फार दूर जाणे धोक्याचेच असते. नाण्याच्या वीसही फेकींत छापा पडण्याची संभाव्यता दहा लाखांतून एकाहून किंचित कमी आहे. दुरुस्तीसह वक्र ती अकरापट सांगतो. येथे विषमता नाही, पण वक्राचे शेपूट अमर्याद लांब आणि द्विपदाचे वीसावर तुटलेले, हा भेद उरतोच.

भाषाविषयक संशोधनात या धोक्याकडे ठामपणे लक्ष वेधण्याचे श्रेय टेड डनिंग यांच्या १९९३ सालच्या निबंधास द्यावे लागेल. विरळ शब्दांच्या बाबतीत प्रसामान्यतेवर आधारलेल्या चाचण्या सार्थकता अवास्तव फुगवितात हे दाखवून, त्यांच्या जागी संभाव्यता-फलांच्या गुणोत्तराची चाचणी त्यांनी सुचविली. त्यांच्या मुद्द्याची तीव्रता एका हिशेबावरून कळेल. एक लाख शब्दांच्या संहितेत एक शब्द शंभर वेळा व दुसरा दहा वेळा आला आहे. ते परस्परांशी संबंध नसताना लागोपाठ येण्याची अपेक्षा ०.०१ एवढी आहे. समजा, ते एकदा लागोपाठ आले. असे एकदा तरी घडण्याची खरी संभाव्यता सुमारे शंभरात एक. प्रसामान्य वक्र, दुरुस्तीसह z = ४.९ काढून, दोन कोटींत दहाहूनही कमी सांगतो. चूक वीस हजार पटींहून अधिक आहे. येथे पाचाचा नियम अर्थातच परवाना देत नाही. पण शब्दांच्या जोड्यांची z नुसार क्रमवारी लावणारा अभ्यासक प्रत्येक जोडीची अपेक्षा तपासतोच असे नाही, आणि यादीच्या शिरोभागी नेमक्या अशाच एकदाच आलेल्या जोड्या येऊन बसतात. यादीच्या वरच्या टोकाला एकेकदा आलेल्या शब्दांची गर्दी दिसली की सन्निकटन कोसळले आहे असे समजावे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे चुकीच्या उत्तरास भलतेच समर्थन मिळू शकते. शब्द हे नाण्याच्या फेकींप्रमाणे परस्परांपासून स्वतंत्र नसतात, ते पुंजक्यांनी येतात. मोस्टेलर व वॉलेस यांनी म्हणूनच प्वासाँ वितरणाबरोबर ऋण द्विपद वितरणाचाही अवलंब केला. उदाहरणादाखल ‘अपॉन’ची सरासरी सहाच ठेवून प्रचरण सहाऐवजी नऊ धरले, तर ऋण द्विपदानुसार शून्याची संभाव्यता (⅔) चा बारावा घात, म्हणजे ०.००७७ होते. दुरुस्तीवाचून प्रसामान्य वक्राने दिलेल्या ०.००७१ च्या हे किती जवळ आहे! यावरून ‘सन्निकटन प्रत्यक्षात बरोबरच निघाले’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो तर्कदोष ठरेल. प्रतिरूपाची चूक आणि सन्निकटनाची चूक या दोन निराळ्या वस्तू आहेत. त्या योगायोगाने एकमेकींस झाकू शकतात, पण प्रचरण नऊऐवजी आठ किंवा बारा असते तर झाकल्या नसत्या. प्रथम प्रतिरूप निश्चित करावे, त्याची संभाव्यता तंतोतंत काढावी आणि मग प्रतिरूपाविषयी वाद घालावा, हाच क्रम योग्य होय.

सन्निकटनाच्या बाजूने सांगण्यात येणारे जुने कारण श्रमाचे होते. दोन हजारांच्या द्विपदाची बेरीज हाताने करणे दुष्कर होते आणि कोष्टके पन्नास-शंभर प्रयत्नांपाशी संपत. आज कोणत्याही संगणकावर ही बेरीज क्षणार्धात होते. ती सोयही हाताशी नसेल तर p लहान असताना प्वासाँ वितरण घ्यावे. त्याने शून्याची संभाव्यता ०.००२४८ व पंधरा किंवा अधिक यांची ०.००१४० येते, आणि दोन्ही आकडे खऱ्या किमतींना जवळजवळ भिडलेले आहेत. प्रसामान्य वक्राचे क्षेत्र मग p अर्ध्याच्या आसपास असताना आणि प्रश्न मध्यापासून दोन-अडीच प्रमाण विचलनांच्या आत असताना एवढेच उरते. त्या क्षेत्रात अर्ध्याची दुरुस्ती अवश्य करावी. त्याबाहेर ती केली आहे एवढ्यावरून उत्तर विश्वसनीय ठरत नाही, आणि प्रबंधात z ची किंमत देणाऱ्याने तीसोबत np ची किंमत आणि टोकाची बाजूही नमूद केल्यावाचून परीक्षकाने ती स्वीकारू नये.